खोकं कुणाच्या हातून बंद होणार?

ताई, गेल्या महिन्यात मावशीला सत्तर वर्षं पूर्ण झाली. ती दुसऱ्या शहरात एकटी राहते, म्हणून मी ऑनलाइन काचेचा टेबल-दिवा पाठवला. ‘5 दिवसांत मिळेल’ असं वाचून सहा दिवस आधी ऑर्डर दिली, तरी तो वाढदिवसानंतर दोन दिवसांनी पोचला. खोक्यावरच दिव्याचं चित्र, आत किमतीचं बिल, आणि माझा मजकूर कुठंच नाही. तो मी ‘डिलिव्हरीसाठी सूचना’ या चौकटीत लिहिला होता. मावशीनं फोन करून विचारलं, “अगं, हे चुकून आलंय का कुणाचं?” मला फार वाईट वाटलं. आता 25 तारखेला, शनिवारी, मामा-मामींच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. त्यांना चिनी मातीचे सहा मग पाठवायचे आहेत. या वेळी काय करू? — एक भाची

प्रिय भाची,

मावशींचा तो प्रश्न वाचून मलाही चुटपुट लागली. मी काही वर्षं एका ऑनलाइन दुकानाच्या गोदामात पॅकिंगचं काम पाहत होते. पॅकिंगच्या टेबलावर दर आठवड्याला असं एखादं पार्सल यायचं, ज्यात पाठवणारीनं मनापासून लिहिलेला मजकूर भलत्याच चौकटीत असायचा आणि आमच्या कागदावर तो उमटतच नसे. तुमचंही तेच झालं. ‘डिलिव्हरीसाठी सूचना’ ही चौकट पार्सल घरी आणून देणाऱ्या माणसासाठी असते. ‘बेल बंद आहे, फोन करा’ किंवा ‘मागच्या जिन्यानं या’ असं त्यात लिहायचं. ते त्याच्या मोबाइलवर दिसतं, खोकं भरणाऱ्याला दिसत नाही. तुमचा मजकूर त्या दिवशी कुणीतरी वाचलाही असेल, पण तो मावशींच्या दारात उभ्या असलेल्या माणसानं.

उशीर, उघडं खोकं आणि हरवलेला मजकूर या तुम्हाला तीन वेगळ्या चुका वाटत असतील. त्यांचं मूळ एकच आहे. भेट पाठवताना सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न असा, की हे खोकं कुणाच्या हातून बंद होणार आहे? ऑनलाइन दुकान म्हणून आपण जे पान बघतो, त्यावरचा माल दोन तऱ्हांनी निघतो. काही वस्तू दुकानाच्या स्वतःच्या गोदामात ठेवलेल्या असतात आणि तिथलेच लोक त्या बांधतात. काही वस्तू मात्र वेगळ्या विक्रेत्याच्या असतात. दुकान फक्त ऑर्डर घेतं, आणि तो विक्रेता आपल्या जागेवर, आपल्याकडच्या खोक्यात, आपल्या सवडीनं माल बांधून कुरिअरकडे देतो. पानावर किमतीच्या आसपास बारीक अक्षरांत विक्रेत्याचं नाव आणि माल कोण पाठवणार हे लिहिलेलं असतं. एकच मग तीन-चार विक्रेते विकत असतील, तर पान एकच दिसतं, पण खोकं बांधणारे हात वेगळे असतात.

भेट म्हणून गुंडाळून देण्याची आणि चिठ्ठी घालण्याची सोय बहुतेक वेळा गोदामातून निघणाऱ्या मालालाच असते. ती आहे की नाही, हे वस्तूच्या पानावर नेहमी कळत नाही. वस्तू पिशवीत टाकून पैसे भरण्याच्या आधीच्या पानापर्यंत जा. तिथं ‘ही भेट आहे’ अशा अर्थाची खूण करायची जागा आणि मजकुराची वेगळी चौकट दिसली, तर ठीक. ती जागाच नसेल, तर त्या विक्रेत्याकडून चिठ्ठी जाणार नाही असं धरून चाला. सूचनेच्या चौकटीत लिहून, पत्त्यात नावाच्या खाली लिहून किंवा विक्रेत्याला वेगळा निरोप पाठवून क्वचित काम होतं, पण लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला अशा भरवशावर राहू नये. तेच मग दुसऱ्या विक्रेत्याकडून गोदामामार्फत मिळतात का ते बघा. थोडे पैसे जास्त पडले, तरी माझं मत तिकडेच.

आता तारखेचं. वस्तूच्या पानावर जी तारीख दिसते, ती कुठल्या पत्त्यासाठी आहे हे कितीजण बघतात? तुम्ही आपल्या खात्यातून बघता, त्यामुळे दुकान तुमच्या घरचा पिनकोड धरून दिवस सांगतं. ‘5 दिवस’ हे कदाचित तुमच्या दारापर्यंतचे होते, मावशींच्या नव्हे. म्हणून वस्तू निवडायच्या आधीच पानाच्या वरच्या बाजूला मामांचा पिनकोड टाका आणि मग तारीख वाचा. ती दोन-तीन दिवसांनी पुढे सरकलेली दिसेल, किंवा ‘या पत्त्यावर पाठवता येत नाही’ असंही दिसेल. ते आत्ताच कळलेलं बरं.

शिवाय ‘अमुक दिवसांत’ या शब्दांत दोन कामं दडलेली असतात. एक, माल बांधून कुरिअरच्या हाती द्यायला लागणारे दिवस. दुसरं, प्रवासाचे दिवस. काही विक्रेते फक्त प्रवासाचे दिवस ठळक लिहितात आणि बांधणीचे दोन दिवस खाली बारीक अक्षरांत. दोन्हींत बहुधा कामाचेच दिवस मोजतात. त्यात रविवार धरत नाहीत, आणि शनिवार काहीजण धरतात, काहीजण नाही. आणखी एक म्हणजे दिवसाची वेळ. दुपारी ठरावीक वेळेनंतर आलेली ऑर्डर दुसऱ्या दिवशीची समजली जाते.

तुमच्याच मगांचा हिशेब मांडून बघू. समजा, विक्रेता बांधणीला 2 दिवस आणि प्रवासाला 3 ते 5 दिवस घेतो, आणि दुपारी दोननंतरची ऑर्डर उद्याची धरतो. तुम्ही मंगळवारी 14 तारखेला संध्याकाळी सात वाजता ऑर्डर दिलीत. ती बुधवारची झाली. बुधवार, गुरुवार बांधणीत गेले आणि शुक्रवारी 17 तारखेला कुरिअरनं खोकं उचललं. कुरिअर शनिवार धरत असेल, तर 18 हा पहिला दिवस, रविवार सोडून 20 दुसरा, 21 तिसरा. म्हणजे मग लवकरात लवकर 21 ला आणि उशिरात उशिरा 23 ला पोचतील. शनिवार धरत नसेल, तर मोजणी 20 पासून सुरू होते आणि शेवटचा दिवस शुक्रवार 24 येतो. त्या दिवशी मामा-मामी घरी नसले, दार वाजवून माणूस परत गेला, तर पुढचा प्रयत्न थेट 25 ला किंवा सोमवारी. चौदा तारीख कॅलेंडरवर अकरा दिवस आधीची दिसते, आणि तरी हाती सुट्टा दिवस एकसुद्धा उरत नाही.

म्हणून नेहमी शेवटची तारीख धरून मागं मोजा, आणि ती शेवटची तारीख समारंभाच्या निदान तीन दिवस आधी येऊ द्या. तुमच्या बाबतीत उशिरात उशिरा सोमवारी 13 तारखेला, दुपारी दोनच्या आत ऑर्डर गेली पाहिजे. ‘पण मग भेट लवकर पोचेल आणि ती आधीच उघडतील,’ ही शंका रास्त आहे. त्यासाठी मामांच्या गावात राहणारं कुणी हाताशी धरा. मामेबहीण असेल, शेजारच्या काकू असतील. पार्सल त्यांच्या पत्त्यावर पाठवा आणि 25 ला सकाळी त्यांनी ते नेऊन द्यावं. तसं कुणीच नसेल, तर चार दिवस आधी मिळालेली भेट ही दोन दिवस उशिरा मिळालेल्या भेटीपेक्षा केव्हाही बरी. चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत ‘25 तारखेला उघडा’ असं लिहा. वडीलधारी माणसं असं सांगितलेलं आवर्जून पाळतात, हा माझा अनुभव आहे.

काही दुकानं ठरावीक तारखेला पोचवण्याची सोय देतात. ती खरी केव्हा मानायची? दुकानाचा माल मामांच्याच शहरातून निघत असेल तेव्हा. फुलांसारख्या वस्तू अशाच जातात. ऑर्डर तुम्ही इथून देता आणि त्या शहरातला दुकानदार सकाळी गुच्छ बांधून नेऊन देतो. दुसऱ्या शहरातून ट्रकनं येणाऱ्या खोक्याला मात्र कुणी नेमका दिवस सांगत असेल, तर तो अंदाज समजा.

ऑर्डर दिल्यावर रोज दहा वेळा ट्रॅकिंग बघायची गरज नाही. एकदाच, पण नेमक्या दिवशी बघा. तो दिवस म्हणजे बांधणी संपायला हवी त्याच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. त्या वेळी ‘लेबल तयार’ किंवा ‘पाठवण्याच्या तयारीत’ एवढंच दिसत असेल, तर खोकं अजून जागचं हललेलं नाही. ट्रॅकिंग नंबर मिळाला की माल निघाला, असा पुष्कळांचा समज असतो. नंबर लेबल छापताच तयार होतो. खोकं निघाल्याची खूण म्हणजे कुरिअरनं ते स्कॅन केल्याची पहिली नोंद, आणि तिच्यासोबत गावाचं किंवा केंद्राचं नाव असतं. ती नोंद नसेल, तर त्याच संध्याकाळी दुकानाला फोन करा. माल निघण्याआधी ऑर्डर सहसा सहज रद्द होते आणि मामांच्या शहरातल्या एखाद्या दुकानातून दुसरं काही पाठवायला अजून वेळ असतो. माल निघाल्यावर हे दोन्ही अवघड होतं.

आता खोक्याकडे वळू, कारण तुम्ही चिनी माती पाठवताय. दिव्याच्या वेळी झालं ते असं, की कारखान्यातून आलेल्या चित्राच्या डब्यावरच पत्त्याचं लेबल चिकटवलं गेलं. खर्च वाचावा म्हणून पुष्कळ वस्तू अशाच जातात. काही पानांवर ‘मूळ डब्यातच पाठवलं जाईल, आतली वस्तू बाहेरून दिसू शकते’ अशी सूचना असते. कुठं कुठं पैसे भरताना ‘बाहेरच्या खोक्यात घालून पाठवा’ अशी निवड करता येते. ती दिसली, तर न चुकता करा. यात प्रश्न फक्त आश्चर्याचा नाही. चित्राचा डबा दुकानाच्या फळीवर उभा राहण्यासाठी बनवलेला असतो, यंत्राच्या पट्ट्यावरून घसरत जाऊन दुसऱ्या पार्सलांखाली दबण्यासाठी नव्हे.

चिनी मातीच्या वस्तू फुटतात त्या बहुतेक दोन कारणांनी. एक, मग एकमेकांना टेकलेले असतात आणि धक्क्यानं कानाला कान लागून तडा जातो. मगाचा कान हा त्याचा सगळ्यात नाजूक भाग. दुसरं, बाहेरच्या खोक्यात रिकामी जागा राहते आणि आतला डबा इकडून तिकडे आपटतो. चांगल्या बांधणीत प्रत्येक मग पुठ्ठ्याच्या आपापल्या कप्प्यात असतो, आणि आतला डबा आणि बाहेरचं खोकं यांच्यामध्ये सगळ्या बाजूंनी, वर आणि खालीसुद्धा, साधारण 5 सेंटिमीटर भरण असतं. असं खोकं हलवलं, तर आतून आवाज येत नाही. ‘नाजूक वस्तू’ या लाल चिठ्ठीवर विसंबू नका. मोठ्या केंद्रांत पार्सलं यंत्राच्या पट्ट्यावरून जातात आणि पट्ट्याला चिठ्ठी वाचता येत नाही. आमच्या टेबलावर मी नवीन मुलींना सांगत असे, की चिठ्ठी नसली तरी टिकेल असं बांधा, मग हवी तर चिठ्ठी लावा.

खरेदीपूर्वी हे कळायचं कसं? ग्राहकांच्या अभिप्रायांत ‘तुटलं’, ‘फुटलं’, ‘पॅकिंग’ हे शब्द शोधा आणि फोटो असलेले अभिप्राय वाचा. फोटोत खोकं आतून दिसतं, आणि तेच बघायचंय. अलीकडचे आधी वाचा. आणि पुन्हा तोच प्रश्न. एका पानावर सगळ्या विक्रेत्यांचे अभिप्राय एकत्र येतात, तेव्हा तक्रार कुणाच्या बांधणीची आहे ते बघा. माझ्या मते सहा सुटे मग मागवण्याऐवजी सहांचा एकच संच घ्या. सुटे मागवले, तर ते दोन-तीन खोक्यांत विभागून वेगवेगळ्या दिवशी पोचू शकतात. मग चिठ्ठी एका खोक्यात, दोन मग दुसऱ्यात, आणि मामींना वाटतं की चारच मग पाठवले.

चिठ्ठीबद्दल थोडं सावकाश सांगते, कारण तुमचा जीव खरा तिथं अडकलाय. मजकुराच्या चौकटीला अक्षरांची मर्यादा असते, आणि मराठी लिहिताना ती आपल्या अंदाजापेक्षा फार लवकर संपते. ‘शुभेच्छा’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण संगणक आठ मोजतो. श, उकार, भ, मात्रा, च, हलंत, छ आणि काना, प्रत्येकाची वेगळी मोजणी. म्हणून आधी मर्यादा बघा आणि मजकूर त्यात बसवा. नाहीतर शेवट कापला जातो, आणि शेवटी असतं तुमचं नाव! मी तर म्हणेन, नावानंच सुरुवात करा.

दुसरी अडचण छपाईची. पडद्यावर मजकूर सुरेख दिसतो, कारण तो तुमच्या मोबाइलच्या अक्षरांत दिसतो. गोदामातल्या छपाई यंत्राकडे देवनागरी अक्षरं नसतील, तर कागदावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हांची रांग उमटते. काही ठिकाणी अक्षरं येतात, पण वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. अशा चिठ्ठ्या मी हातात धरल्या आहेत. लिहिणाऱ्याला कधी कळतही नाही, कारण मिळणारा संकोचानं सांगत नाही. दुकानाच्या ग्राहकसेवेला सरळ विचारा, ‘मराठीत छापता का?’ स्पष्ट होकार मिळाला नाही, तर तोच मराठी मजकूर रोमन लिपीत लिहा. दिसायला गोड नाही, पण मामींना वाचता येईल. हसरे चेहरे, हृदयं वगैरे चिन्हं काढून टाका, तीही चौकोन होतात. ओळी तोडून कवितेसारखं लिहू नका. छापताना बहुधा सगळं एका ओळीत सरकतं, म्हणून पूर्णविराम नीट द्या.

तुमच्यासाठी असा मजकूर सुचवते: ‘मामा-मामी, ही भेट तुमच्या भाचीकडून. 25 तारखेला उघडा. सहा मग आहेत. एखादा फुटला असेल तर न लाजता मला सांगा, बदलून मिळतो. चाळीस वर्षांचं कौतुक फोनवर करते.’ यातलं ‘सहा’ मुद्दाम आहे, म्हणजे कमी आले तर त्यांना कळेल. ‘न लाजता’ हेही मुद्दाम. आपली माणसं फुटलेली भेट गुपचूप कपाटात ठेवतात आणि ‘फार छान’ म्हणतात. तोवर तक्रारीची मुदत निघून जाते. ती मुदत पार्सल पोचल्या दिवसापासून मोजतात, उघडल्या दिवसापासून नव्हे, आणि फुटलेल्या वस्तूंसाठी ती काही वेळा अगदी थोड्या दिवसांची असते. लवकर पोचवून 25 ला उघडायला सांगणार असाल, तर मुदत किती आहे ते ऑर्डरच्या आधीच वाचा. ती अपुरी असेल, तर आश्चर्याचा मोह सोडा आणि मामींना पोचल्याबरोबर उघडायला सांगा. काही फुटलं असेल, तर खोकं टाकून द्यायच्या आधी तीन फोटो लागतात. पत्त्याच्या लेबलचा, आतल्या भरणाचा आणि फुटलेल्या मगाचा. तक्रार मात्र तुम्हीच करायची, कारण ऑर्डर तुमच्या खात्यावर आहे.

बिलाचं लवकर सांगते. भेटीची खूण केली की बहुतेक दुकानं किंमत नसलेली पावती घालतात आणि खरं बिल तुम्हाला ईमेलनं पाठवतात. वेगळा विक्रेता मात्र आपलं नेहमीचं बिल खोक्यात टाकतो किंवा बाहेर चिकटवतो. पैसे आधीच भरा, म्हणजे दारात मामांच्या खिशाला हात जायला नको.

पत्त्यात फोन नंबर कुणाचा द्यायचा, हेही ठरवून घ्या. तुमचा दिलात, तर घर सापडत नसताना माणूस तुम्हाला फोन करणार आणि तुम्ही दुसऱ्या शहरात. मामांचाच द्या आणि पर्यायी म्हणून तुमचा. दारात सांगायचा ओटीपी मोबाइलवर येत असेल, तर मामांना आधी एवढं समजावून ठेवा, की पार्सल हातात घेऊन माणूस समोर उभा असेल तेव्हाच तो सांगायचा, फोनवर कुणालाही नाही. यानं भेटीचा थोडा सुगावा लागतो, पण माझ्या लेखी तेवढं चालतं. ‘काहीतरी येणार आहे, घरी राहा,’ एवढंच सांगा. काय येणार ते राहू दे.

राहिल्या मावशी. दिवा त्यांच्याकडे आहे, पण तुमचे शब्द अजून पोचलेले नाहीत. तेव्हा सूचनांच्या चौकटीत जे लिहिलं होतं, ते एका कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहा, पाकिटात घाला आणि साध्या टपालानं पाठवून द्या. ऑर्डरच्या तपशिलात तो मजकूर बहुधा अजून सापडेल, तिथून उतरवून घ्या.

तुमची,
ताई